कोल्हापुरात चार, पुण्यात एक

बँकेच्या भरतीची तयारी करणाऱ्या कुणालाही हा प्रश्न पाठ असतो. संगणकाच्या पडद्यावर एक इंग्रजी शब्द येतो, समजा CORPORATE. खाली विचारलेले असते: या शब्दात अशा किती अक्षरजोड्या आहेत, की ज्यांच्या दरम्यान शब्दात जितकी अक्षरे आहेत तितकीच इंग्रजी वर्णमालेतही आहेत? पर्याय बहुतेक वेळा ठरलेले असतात: एकही नाही, एक, दोन, तीन, तीनपेक्षा जास्त.

प्रश्न समजायला सोपा आहे. CORPORATE मधले P आणि T घ्या. शब्दात त्यांच्यामध्ये O, R, A अशी तीन अक्षरे आहेत. वर्णमालेत P नंतर Q, R, S येतात आणि मग T येतो, म्हणजे मध्ये तीनच अक्षरे. ही जोडी जमली. आता पहिला C आणि त्याच्या शेजारचा O पाहा. शब्दात दोघे खेटून उभे आहेत, वर्णमालेत मात्र त्यांच्यामध्ये अकरा अक्षरे आहेत. ही जोडी गेली. असे एकेका जोडीला पारखत जायचे आणि जमलेल्या मोजायच्या.

अडचण येते ती संख्येची. नऊ अक्षरांच्या शब्दात दोन-दोन अक्षरांच्या जोड्या होतात छत्तीस. बारा अक्षरांचा शब्द आला तर सहासष्ट. आयबीपीएस ही बँकांसाठी कर्मचारी निवडणारी संस्था, तिचे मुख्यालय मुंबईत कांदिवलीला आहे. तिच्या लिपिक आणि अधिकारी पदांच्या पूर्वपरीक्षेत तर्कशक्तीच्या ३५ प्रश्नांना २० मिनिटे मिळतात. म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला जेमतेम ३४ सेकंद. त्यात चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा एक चतुर्थांश कापला जातो. एवढ्या वेळात छत्तीस जोड्या पारखणे कुणालाच शक्य नाही, आणि परीक्षकाचीही तशी अपेक्षा नसते. कमी मोजून पूर्ण उत्तर कसे काढायचे, हाच या प्रश्नाचा गाभा आहे.

क्लासमध्ये सर्वात आधी शिकवली जाते ती बोटांवरची पद्धत. शब्दातल्या एका अक्षरावर बोट ठेवायचे आणि तिथून उजवीकडे सरकत मनात वर्णमाला म्हणायची, एका अक्षराला एक. P वर बोट ठेवले की P, मग पुढच्या O वर Q म्हणायचे, त्यापुढच्या R वर R. इथे म्हटलेले अक्षर आणि छापलेले अक्षर एकच निघाले, म्हणजे P आणि R ची जोडी मिळाली. तसेच पुढे A वर S, T वर T, पुन्हा जोडी. E वर U, जोडी नाही. मग P सोडून पुढच्या अक्षरापासून पुन्हा सुरुवात. उजवीकडचा फेरा संपला की शब्दाच्या शेवटापासून डावीकडे येत तेच सगळे पुन्हा करायचे, कारण वर्णमालेत आधी येणारे अक्षर शब्दात नंतरही येऊ शकते.

ही पद्धत चुकीची मुळीच नाही. सहा-सात अक्षरांच्या शब्दाला ती पुरते आणि सरावाने वेगही येतो. पण शब्द लांबला की प्रत्येक अक्षरापासून दोन्ही दिशांना वर्णमाला म्हणत जाणे थकवते, आणि मध्येच एक अक्षर निसटले तर पुढचे सगळे चुकते. चुकल्याचे कळतही नाही, कारण एक किंवा दोन हे उत्तर तोंडावर खरेच वाटते.

यापेक्षा देखणी वाट आहे. जोड्या शोधायच्याच नाहीत. प्रत्येक अक्षराला एक आकडा द्यायचा, आणि ज्यांचे आकडे सारखे निघतील ती अक्षरे आपोआप जोडीला येतात.

त्यासाठी दोन गोष्टी लागतात: अक्षराचा वर्णमालेतला क्रमांक आणि शब्दातली त्याची जागा. वर्णमालेतले क्रमांक लक्षात ठेवायला परीक्षार्थींमध्ये EJOTY हा शब्द चालतो. E म्हणजे ५, J म्हणजे १०, O म्हणजे १५, T म्हणजे २० आणि Y म्हणजे २५. बाकीची बहुतेक अक्षरे या पाच खुंट्यांपासून एक-दोन पावलांवर असतात. R हवा असेल तर T च्या दोन मागे, म्हणजे १८. H हवा असेल तर J च्या दोन मागे, म्हणजे ८.

आता प्रत्येक अक्षराच्या क्रमांकातून त्याची शब्दातली जागा वजा करा. CORPORATE साठी ते असे दिसते:

```
अक्षर      C   O   R   P   O   R   A   T   E
क्रमांक     ३  १५  १८  १६  १५  १८   १  २०   ५
जागा       १   २   ३   ४   ५   ६   ७   ८   ९
वजाबाकी    २  १३  १५  १२  १०  १२  -६  १२  -४
```

वजाबाकीच्या ओळीत १२ हा आकडा तीनदा आला आहे: चौथ्या जागेवरच्या P खाली, सहाव्या जागेवरच्या R खाली आणि आठव्या जागेवरच्या T खाली. म्हणजे P-R, P-T आणि R-T या तीन जोड्या एका फटक्यात हाती आल्या. बाकी कुठलाही आकडा दोनदा आलेला नाही, म्हणून या दिशेला चौथी जोडी नाही. छत्तीस जोड्या पारखण्याऐवजी नऊ वजाबाक्या झाल्या आणि काम संपले.

हे जमते कसे? शब्दात उजवीकडे चार जागा सरकलो की जागेचा आकडा चारने वाढतो. अक्षराचा क्रमांकही नेमका चारने वाढला असेल, तर दोन्हीकडे सारखीच भर पडली आणि त्यांच्यातला फरक होता तेवढाच राहिला. फरक तेवढाच राहणे म्हणजेच जोडी जमणे. हीच गोष्ट डोळ्यांनी पाहायची असेल तर शब्दाखाली वर्णमालेचा एक सलग तुकडा लिहून पाहावा:

```
C O R P O R A T E
M N O P Q R S T U
```

वरच्या आणि खालच्या ओळीत तीन ठिकाणी तेच अक्षर समोरासमोर आले आहे, P, R आणि T. वर्णमालेची एकच सरळ पट्टी या तिघांमधून जाते. M च्या आधीचे अक्षर L, वर्णमालेतले बारावे. तिघांच्या वाट्याला आलेला १२ म्हणजे हाच L आहे: ही पट्टी शब्दाच्या एक घर आधी कुठून निघाली असती, ते तो आकडा सांगतो.

उलट्या जोड्यांसाठी वजाबाकीऐवजी बेरीज करायची. शब्दात पुढे सरकताना जागेचा आकडा वाढतो आणि अक्षर वर्णमालेत मागे जात असेल तर क्रमांक कमी होतो. एक जितका वाढला तितकाच दुसरा घटला, तर दोघांची बेरीज बदलत नाही. CORPORATE साठी या बेरजा ४, १७, २१, २०, २०, २४, ८, २८ आणि १४ अशा येतात. २० हा आकडा दोनदा दिसतो, P आणि त्याच्या लगेच पुढच्या O खाली. वर्णमालेत O आणि P शेजारी आहेत, शब्दातही ते शेजारीच आहेत, फक्त उलट्या क्रमाने. ही चौथी जोडी. दोन्ही दिशा धरून उत्तर चार, म्हणजे ‘तीनपेक्षा जास्त’ हा पर्याय.

बुद्धिबळ खेळणाऱ्याला हे ओळखीचे वाटेल. चौकटींचा कागद घेऊन आडव्या बाजूला शब्दातल्या जागा आणि उभ्या बाजूला A पासून Z पर्यंतची अक्षरे मांडली, आणि शब्दातल्या प्रत्येक अक्षरासाठी त्याच्या घरात एक उंट ठेवला, तर ज्या दोन उंटांची तिरकी रेघ एक आहे तीच आपली जोडी. वर चढणारी तिरकी रेघ ही सरळ जोडी आणि खाली उतरणारी रेघ ही उलटी जोडी. मॅक्स बेझेल या जर्मन बुद्धिबळपटूने १८४८ मध्ये एक कोडे मांडले होते: बुद्धिबळाच्या पटावर आठ वजीर असे ठेवायचे की कुणीही कुणाच्या माऱ्यात येणार नाही. ते कोडे संगणकाकडून सोडवून घेताना दोन वजीर एकाच तिरक्या रेघेवर आहेत का, हे याच वजाबाकीने आणि बेरजेने तपासले जाते. तिथे एकही जोडी होऊ द्यायची नसते, इथे झालेल्या सगळ्या हव्या असतात, एवढाच फरक.

पद्धत हाती आल्यावरही चुका होतात, आणि त्यांतली सर्वांत मोठी चूक UNDERSTUDY या शब्दात उघडी पडते. या शब्दाच्या पोटात R, S, T, U ही चार अक्षरे ओळीने उभी आहेत आणि त्यांच्या आधी D, E. घाईत असलेला परीक्षार्थी D-E, R-S, S-T, T-U अशा चार जोड्या मोजतो आणि खूश होतो. पण R आणि T यांच्यामध्ये शब्दात एक अक्षर आहे आणि वर्णमालेतही एकच. S आणि U यांचेही तसेच. R आणि U यांच्यामध्ये दोन्हीकडे दोन अक्षरे. म्हणजे R, S, T, U या चौघांच्या मिळून जोड्या होतात सहा, आणि D-E धरून एकूण सात. वजाबाकी केली असती तर चौघांच्याही खाली १३ हा एकच आकडा आला असता आणि नजरचूक झालीच नसती. एकच आकडा दोघांना आला तर एक जोडी, तिघांना आला तर तीन, चौघांना सहा, पाच जणांना दहा. ही मोजणी पाठच करून ठेवावी.

दुसरी चूक बारीक आहे. प्रश्नात ‘मधली अक्षरे’ विचारलेली असतात. काही जण शब्दात मधली अक्षरे मोजतात आणि वर्णमालेत पावले मोजतात. P पासून T पर्यंत पावले चार, मधली अक्षरे तीन. दोन्हीकडे मधली मोजा किंवा दोन्हीकडे पावले मोजा, उत्तर एकच येते. एकीकडे हे आणि दुसरीकडे ते असे झाले की जमलेली जोडी सुटते आणि न जमलेली गळ्यात पडते. याच गोंधळातून लागून असलेल्या अक्षरांच्या जोड्याही वगळल्या जातात. मध्ये काहीच नाही म्हणून ती जोडी नाही, असे काहींना वाटते. पण दोन्हीकडे मध्ये शून्य अक्षरे असतील तर ती जोडी पूर्ण ग्राह्य आहे.

तिसरी गफलत प्रश्नाच्या शब्दांत असते. काही प्रश्नांत ‘पुढून आणि मागून दोन्ही’ असे स्पष्ट लिहिलेले असते, काहींत ‘वर्णमालेच्याच क्रमाने’ असे. पहिल्या प्रकारात CORPORATE चे उत्तर चार, दुसऱ्या प्रकारात तीन, कारण P-O ही उलटी जोडी तिथे मोजायची नाही. आकडेमोड बरोबर करूनही गुण जातो तो इथे. म्हणून शब्दाकडे वळण्याआधी प्रश्नाचे वाक्य शेवटपर्यंत वाचणे भागच आहे.

पर्यायांकडे बघूनही वेळ वाचतो. ‘तीनपेक्षा जास्त’ असा पर्याय असेल तर चौथी जोडी सापडताक्षणी थांबावे. पाचवी, सहावी शोधून काही मिळत नाही. आणि काही अक्षरांकडे तर बघायचीही गरज नसते. नऊ अक्षरांच्या शब्दात पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत आठच पावले असतात. ज्या दोन अक्षरांत वर्णमालेत आठापेक्षा जास्त पावलांचे अंतर आहे, ती जोडी कशीही बसवली तरी जमणार नाही. CORPORATE मधला C हा O, P, R आणि T या सगळ्यांपासून बारा किंवा त्याहून अधिक पावलांवर आहे. त्यामुळे त्याच्या वाट्याला A आणि E हे दोघेच उरतात, आणि त्यांचेही अंतर जुळत नाही.

प्रश्न तयार करणारे याला नवी वळणे देत असतात. कधी आधी शब्दातले स्वर काढून त्या जागी वर्णमालेतले पुढचे अक्षर ठेवायला सांगतात आणि मग जोड्या विचारतात. कधी शब्दाऐवजी मोठी संख्या देऊन तिच्यातल्या अंकांच्या जोड्या विचारतात. पद्धतीत काहीच बदल होत नाही. अंक हाच क्रमांक धरायचा आणि त्यातून जागा वजा करायची.

परीक्षेबाहेरही या खेळाला चाहते आहेत. इंग्रजी शब्दांच्या अक्षररचनेला वाहिलेले ‘वर्ड वेज’ नावाचे नियतकालिक दिमित्री बोर्गमन यांनी १९६८ मध्ये अमेरिकेत सुरू केले. अशा मंडळींना हौस असते ती आपल्या ‘हक्काच्या’ जागी बसलेली अक्षरे शोधायची: पहिल्या जागी A, तिसऱ्या जागी C, पाचव्या जागी E अशी. ARCHETYPICAL या बारा अक्षरी शब्दात A, C, E, I आणि L ही पाच अक्षरे अनुक्रमे पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, नवव्या आणि बाराव्या जागी, म्हणजे नेमकी आपापल्या क्रमांकावर बसली आहेत. आपल्या पद्धतीत बघितले तर पाचही अक्षरांखालची वजाबाकी शून्य येते आणि त्यांच्या आपसांत दहा जोड्या होतात. उलट्या दिशेला H-A आणि P-L या आणखी दोन. एका शब्दात बारा जोड्या ही दुर्मीळ श्रीमंती आहे. एरवी बहुतेक शब्दांत एक-दोन किंवा फार तर तीन-चारच सापडतात, आणि म्हणूनच परीक्षेतले पर्याय तीनपेक्षा जास्तवर येऊन थांबतात.

मराठीतून परीक्षा देणाऱ्यांचीही या प्रश्नातून सुटका नाही. सरकारी बँकांच्या लिपिक भरतीची परीक्षा मराठीसह तेरा प्रादेशिक भाषांत घ्यायचा निर्णय केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २०२१ मध्ये जाहीर केला. पण प्रश्नाची भाषा मराठी झाली तरी या प्रकारातला शब्द इंग्रजी अक्षरांतच राहतो. मराठी बुद्धिमत्ता चाचणीच्या पुस्तकांतही तसेच आहे, आणि त्याला सबळ कारण आहे. देवनागरीत व्यंजनावर काना, मात्रा, वेलांटी चढते आणि जोडाक्षरे होतात. ‘प्रश्न’ या शब्दात दोन अक्षरे धरायची की चार व्यंजने, अ वेगळा मोजायचा का, याचे एक ठरलेले उत्तर नाही. जागा कोणती आणि क्रमांक कोणता हेच जिथे नक्की नाही, तिथे वजाबाकी कशाची करणार? रोमन लिपीत प्रत्येक अक्षर आपल्या घरात सुटे उभे असते, म्हणून हा खेळ तिथेच नीट चालतो.

मात्र आपल्या गावांची नावे इंग्रजी अक्षरांत स्टेशनच्या पाट्यांवर लिहिलेली असतात, आणि सरावाला त्यांच्यासारखे शब्द नाहीत. त्यात एक गंमत लगेच दिसते. P आणि R यांच्यामध्ये वर्णमालेत फक्त Q येतो, आणि PUR मध्ये त्यांच्यामध्ये फक्त U आहे. म्हणजे ज्या गावाच्या नावाचा शेवट PUR असा लिहिला जातो, त्या प्रत्येक गावाच्या पदरात एक जोडी तयारच आहे. NAGPUR आणि SOLAPUR यांना तेवढी एकच मिळते. KOLHAPUR मध्ये मात्र पहिला K सहाव्या जागेवरच्या P शीही जुळतो आणि आठव्या जागेवरच्या R शीही. तिघांचीही वजाबाकी १० येते. शिवाय K आणि H यांची एक उलटी जोडी आहे. एकूण चार. PUNE मध्ये एकच आणि तीही उलटी, P आणि N ची. PANAJI मध्ये दोन, दोन्ही उलट्या: P-N आणि J-I. आणि MAHARASHTRA या अकरा अक्षरांच्या लांबलचक शब्दात, जिथे पंचावन्न जोड्या पारखाव्या लागल्या असत्या, तिथे जमते ती एकच, पहिल्या M ची सातव्या S शी.

शब्दात एकच अक्षर दोनदा आले तर काय करायचे, याचा सराव CHANDRAPUR वर करावा. इथे R सहाव्या जागेवर आहे आणि दहाव्याही. मधल्या P ची दोघांशीही जोडी जमते, डावीकडच्या R शी उलटी आणि उजवीकडच्या R शी सरळ. या दोन वेगळ्या जोड्या आहेत आणि दोन्ही मोजायच्या. अक्षरे तीच दिसतात म्हणून एक गाळली की उत्तर चुकले. उरलेल्या दोन जोड्यांपैकी एक सुरुवातीच्या C आणि A ची, दुसरी सहाव्या जागेवरच्या R आणि नवव्या जागेवरच्या U ची. दोन सरळ, दोन उलट्या, एकूण चार. एकाच अक्षराच्या दोन प्रतींची आपसांत मात्र कधीच जोडी होत नाही, कारण वर्णमालेत R पासून R पर्यंत अंतरच नाही आणि शब्दात ते काही ना काही असतेच.

PANDHARPUR हा शब्द वाचकांसाठी ठेवला आहे. कागद घ्या, अक्षरांखाली क्रमांक आणि जागा लिहा, एकदा वजाबाकी आणि एकदा बेरीज करा. दोन सरळ आणि एक उलटी अशा तीन जोड्या मिळाल्या, तर तुमचा हिशेब बरोबर आहे.